हॅमेट प्लॉटमधून प्रभार वाचताना या चुका टाळा

एमएस्सीच्या मुलांना मी दरवर्षी एक जुना आकडेवारीचा संच सोडवायला देते. संच एच. सी. ब्राउन आणि ओकामोटो यांचा, १९५० च्या दशकातला. क्युमिल क्लोराइड, म्हणजे बेंझीन रिंगला जोडलेल्या कार्बनवर दोन मिथिल आणि एक क्लोरीन. ते ९० टक्के ॲसिटोन आणि १० टक्के पाण्यात २५ अंशांवर ठेवलं की क्लोराइड सुटतो आणि त्या जागी पाणी बसतं. रिंगवर वेगवेगळे गट लावून वेग मोजायचे, गट किती इलेक्ट्रॉन ओढतो किंवा देतो ते सांगणारी सिग्मा मूल्यं आडव्या अक्षावर आणि वेगाचे लॉग उभ्या अक्षावर घ्यायचे, हाच हॅमेट प्लॉट, आणि चढणीवरून, म्हणजे रो वरून, कोणता प्रभार कुठे तयार होतो ते सांगायचं.

यंदा बदलापूरहून येणाऱ्या एका मुलीने लोकलमध्येच मोबाइलवर प्लॉट काढून आणला होता. "मॅडम, रो उणे ५.९ आला. आर-स्क्वेअर ०.९० आहे, चालेल ना?"

चालणार नव्हतं. पण का, हे आर-स्क्वेअर सांगत नाही. तिचा तक्ता असा होता: रिंगवर काहीच नसेल तर वेग १, पॅरा-मेथॉक्सी ३३६०, पॅरा-मिथिल २६, मेटा-मिथिल २, पॅरा-क्लोरो ०.३०५, मेटा-क्लोरो ०.०१५६, पॅरा-नायट्रो ०.०००२६. सिग्मा मूल्यं तिने पुस्तकाच्या मागच्या तक्त्यातून उतरवली होती: मेथॉक्सी −०.२७, पॅरा-मिथिल −०.१७, मेटा-मिथिल −०.०७, पॅरा-क्लोरो ०.२३, मेटा-क्लोरो ०.३७, पॅरा-नायट्रो ०.७८. आकडे सगळे बरोबर, उतरवण्यात एकही चूक नाही.

मी तिला एवढंच म्हटलं, "अगं, इंटरसेप्ट बघ."

```
=SLOPE(C2:C8,B2:B8)      -5.92
=INTERCEPT(C2:C8,B2:B8)   0.64
```

उभ्या अक्षावर गुणोत्तराचा लॉग आहे. हायड्रोजनचा बिंदू त्यामुळे व्याख्येनेच शून्यावर, शून्यावर बसतो. तिची रेषा मात्र तिथे ०.६४ वरून जाते. म्हणजे रेषेच्या मते साधं क्युमिल क्लोराइड स्वतःपेक्षाच चौपटीहून जास्त वेगाने अभिक्रिया करतं. असं दिसलं की आर-स्क्वेअर कितीही असो, रेषा चुकीच्या बिंदूंतून ओढली गेली आहे असं समजायचं. काही मुलं यावर उपाय म्हणून रेषा शून्यातून जायला भाग पाडतात. त्याने फक्त पुरावा पुसला जातो.

गोची मेथॉक्सीत आहे. साधं सिग्मा बेंझॉइक ॲसिडच्या आयनीभवनावरून ठरलेलं आहे, पाण्यात, २५ अंशांवर. हॅमेटने १९३७ मध्ये ते मांडलं. तिथे ऋण प्रभार कार्बॉक्सिलेटच्या ऑक्सिजनांवर असतो आणि रिंगच्या पाय इलेक्ट्रॉनांना त्यात थेट वाटा मिळत नाही. क्युमिलमध्ये क्लोराइड निघताना मात्र रिंगला चिकटलेल्या कार्बनचा पी ऑर्बिटल रिकामा होतो. समोर, पॅरा जागेवर, ऑक्सिजनची मोकळी इलेक्ट्रॉन जोडी असेल तर ती रिंगमधून सरळ तिथवर पोहोचते. बेंझॉइक ॲसिडने हा प्रसंग कधी पाहिलेलाच नाही, मग त्याचं सिग्मा तो कसा मोजणार? म्हणून अशा अभिक्रियांसाठी वेगळी मूल्यं लागतात, सिग्मा प्लस. त्यात पॅरा-मेथॉक्सी −०.७८ आणि पॅरा-मिथिल −०.३१. पॅरा-नायट्रो जवळपास होतं तिथेच राहतं, ०.७९, कारण नायट्रोकडे द्यायला इलेक्ट्रॉन नाहीतच.

हे रेझोनन्सचंच काम आहे की दुसरं काही, ते एका जोडीवरून कळतं. मेथॉक्सी पॅरा जागेवर असेल तर वेग ३३६० पट. तोच गट मेटा जागेवर सरकवला तर वेग ०.६१, म्हणजे साध्या क्युमिलपेक्षाही कमी. मेटावरून इलेक्ट्रॉन जोडी त्या कार्बनपर्यंत पोहोचू शकत नाही, उरतो तो फक्त ऑक्सिजनचा ओढा.

म्हणून माझी सवय अशी की आधी फक्त मेटाचे बिंदू घ्यायचे. मेटावर थेट रेझोनन्सचा घोळ नसतो, त्यामुळे साधं सिग्मा तिथे विश्वासाने वापरता येतं. त्या रेषेवरून जो रो येतो तो खरा धरायचा. क्युमिलसाठी तो उणे साडेचारच्या आसपास येतो. मग हीच रेषा लांबवून पॅराचे बिंदू कुठे पडतात ते बघायचं. पॅरा-क्लोरो, पॅरा-नायट्रो जवळ पडतील. रेषेप्रमाणे पॅरा-मेथॉक्सीचा वेग १७ पट यायला हवा, प्रत्यक्षात ३३६० आहे, जवळपास दोनशे पटींचा फरक. इलेक्ट्रॉन देणारे पॅरा गट असे वर उडाले असतील तर धन प्रभार रिंगशी थेट संयुग्मित आहे. उलट पॅरा-नायट्रो आणि पॅरा-सायनो वर उडाले आणि रो धन असेल, तर ऋण प्रभार संयुग्मित आहे. तिथे सिग्मा मायनस लागतं आणि पॅरा-नायट्रोचं मूल्य ०.७८ वरून १.२५ च्या आसपास जातं.

सिग्मा आणि सिग्मा प्लस दोन्ही लावून बघणं आणि ज्यावर आर-स्क्वेअर जास्त ते ठेवणं, ही पद्धत सर्रास दिसते. तिला माझी हरकत आहे. तुमच्या संचात पॅरा-मेथॉक्सी नसेल तर दोन्ही मापं जवळपास सारखीच बसतात आणि निवड ०.९८३ विरुद्ध ०.९८६ अशा फरकावर होते. मेथॉक्सी असेल तर निवड त्या एकाच बिंदूवर होते. म्हणून निष्कर्ष लिहिताना तो बिंदू झाकून रो पुन्हा काढा आणि दोन्ही आकडे लिहा.

इथे एक चकवा आहे, आणि तो मी मुद्दाम ठेवते. या क्युमिल संचावर सिग्मा प्लस लावलं की रेषा डोळे दिपावेत इतकी सरळ येते, रो −४.५४. मुलं खूश होतात. पण सिग्मा प्लस मुळात याच अभिक्रियेवरून ठरवलेलं आहे! पॅराचे बिंदू रेषेवर पडणारच. पुरावा हवा तर ही मूल्यं दुसऱ्याच अभिक्रियेवर लावून बघावी लागतात.

परत त्या मुलीच्या प्लॉटकडे. तिची मैत्रीण जास्त हुशार निघाली. तिने पाहिलं की बिंदू वाकडे जातायत, म्हणून दोन रेषा ओढल्या. डावीकडच्या चार बिंदूंची चढण −१३, उजवीकडच्या चारांची −४.८, आणि खाली लिहिलं, "मेकॅनिझम बदलतो." या मोहात संशोधन करणारेही पडतात. रेषा वाकली म्हणजे मेकॅनिझम बदलला, असं म्हणण्याआधी वाक योग्य सिग्माने सरळ होतो का ते बघायचं. इथे होतो.

खरा वाक कसा दिसतो? जवळपास शुद्ध सल्फ्युरिक ॲसिडमध्ये एथिल बेंझोएट घ्या. इलेक्ट्रॉन ओढणारे गट वाढवत गेलं की वेग आधी कमी होतो, कारण रिंगशेजारी ॲसिल कॅटायन तयार व्हायचा असतो. पण गट फारच ओढणारे झाले की वेग पुन्हा वाढू लागतो, कारण आता एस्टर दुसऱ्या बाजूने, एथिल कॅटायन सोडून तुटतं. तिथे चढणीचं चिन्हच उलटतं. कुठलंही सिग्मा लावा, ऋण चढण धन होत नाही. शिवाय मिथिल एस्टर घेतलं तर हा वाक नाहीसा होतो, कारण मिथिल कॅटायन सहज सुटत नाही. असा स्वतंत्र पडताळा हाताशी असेल तर खुशाल दोन रेषा ओढा.

आता चिन्हाचं. "रो ऋण म्हणजे धन प्रभार तयार होतो" हे वाक्य मुलं पाढ्यासारखं म्हणतात. रो फक्त फरक सांगतो: सुरुवातीपासून संक्रमणावस्थेपर्यंत रिंगजवळचं इलेक्ट्रॉनांचं दारिद्र्य वाढलं का. फिनॉक्साइड आणि एथिल आयोडाइडची अभिक्रिया घ्या. तिथे रो सुमारे −१ आहे, पण धन प्रभार कुठेच नाही. फिनॉक्साइडच्या ऑक्सिजनवर आधीपासून असलेला ऋण प्रभार कमी होतोय, एवढंच. सुरुवातीच्या रेणूवर प्रभार काय होता हे आधी कागदावर लिहावं, मगच रो चं चिन्ह वाचावं.

आणि रो चा आकडा म्हणजे प्रभाराचा आकडा नव्हे. बेंझॉइक ॲसिडचा रो १, फिनाइलॲसेटिक ॲसिडचा सुमारे ०.५, आणखी एक कार्बन मध्ये घातला की सुमारे ०.२. तिन्हींत आयनीभवनानंतर ऋण प्रभार पूर्ण एक आहे, फक्त रिंगपासून दूर गेलाय. द्रावक बदलला तरी हेच. बेंझॉइक ॲसिड पाण्याऐवजी इथेनॉलमध्ये आयनीभूत केलं तर रो जवळपास २ होतो, कारण इथेनॉल प्रभार तितका सांभाळून घेत नाही आणि रिंगवरच्या गटांवर जास्त भार पडतो. म्हणून −४.५४ वरून "पूर्ण कार्बोकॅटायन तयार झालं" असं म्हणता येत नाही. प्रभार रिंगला लागूनच आणि बराच आहे, एवढं म्हणता येतं, आणि तेही त्याच द्रावकातल्या, तितक्याच अंतरावरच्या अभिक्रियेशी तुलना करून.

एखादीचा रो −१०.५ आला तर आधी तिने एक्सेलमध्ये `LN` वापरलं का ते बघा. ४.५४ ला २.३०३ ने गुणलं की १०.५ येतात.

शेवटचं प्रयोगशाळेतलं. साध्या क्युमिल क्लोराइडचं या द्रावकात, २५ अंशांवर, अर्धायुष्य सुमारे दीड तास. मग पॅरा-मेथॉक्सीचं दोन सेकंदांहून कमी आणि पॅरा-नायट्रोचं आठ महिन्यांच्या आसपास. ब्युरेट घेऊन दोन्ही एकाच तापमानावर मोजणं शक्य नाही. वेगवान संयुग थंड करून आणि संथ संयुग गरम करून मोजावं लागतं, प्रत्येक संयुगाचे निदान दोन-तीन तापमानांवरचे वेग घेऊन २५ अंशांवर आणावे लागतात. वेगवेगळ्या तापमानांचे वेग तसेच एका प्लॉटवर टाकले तर चढण चपटी होते, कारण संथांना उष्णतेची मदत मिळालेली असते आणि वेगवानांना थंडीने अडवलेलं असतं. मुंबईत मे महिन्यात यात आणखी एक भर पडते. आपल्या वॉटर बाथला फक्त हीटर असतो आणि खोलीच ३२ अंशांवर असते. डायल २५ वर ठेवला तरी पाणी २५ वर येत नाही. बर्फाचं पाणी फिरवायची सोय नसेल तर सगळी मालिका सरळ ३५ अंशांवर करा आणि अहवालात तसं लिहा. रो चं मूल्य थोडं बदलेल, पण सगळे बिंदू एकाच तापमानाचे असतील.