आउटपेंटिंगच्या प्रॉम्प्टमध्ये क्षितिज, प्रकाश आणि दृष्टिकोन कसा सांगावा

आउटपेंटिंग म्हणजे छायाचित्राच्या कडांबाहेरचा भाग एआय मॉडेलकडून रचून घेणे. उभ्या छायाचित्राच्या कडा अशा वाढवताना ‘चित्र मोठे करा’ एवढाच प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी सूचना, दिल्यास मॉडेल पुष्कळदा नव्या भागात वेगळेच दृश्य रचते; म्हणून रिकाम्या जागेत काय दिसायला हवे, याचे वर्णन करावे. समजा, कोकणातील किनाऱ्यावर संध्याकाळी दक्षिणेकडे पाहून फोटो काढला आहे, समुद्र उजवीकडे आहे आणि सूर्य चौकटीबाहेर आहे. डावी बाजू वाढवताना असे लिहावे: ‘सपाट वाळू आणि सुरूची झाडे, क्षितिज मूळ उंचीवरच आणि आडवे, उजवीकडून येणारा मंद केशरी प्रकाश, लांब सावल्या डावीकडे, कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.’ उजवी बाजू वाढवताना मात्र सूर्य चौकटीत येऊ शकतो, त्यामुळे तो हवा की नको हे स्पष्ट लिहावे, कारण मूळ सावल्यांशी न जुळणाऱ्या जागी काढलेला सूर्य लगेच खटकतो.

वाढवायचा भाग निवडताना त्यात कडेलगतच्या मूळ चित्राची थोडी पट्टीही घ्यावी आणि एकाच वेळी फार रुंदी वाढवू नये. सपाट वाळूवर, डोळ्यांच्या उंचीवरून टिपलेल्या चित्रात साधारण सारख्या उंचीच्या उभ्या माणसांची डोकी, ती जवळ असोत वा दूर, क्षितिजरेषेच्या आसपासच येतात. नव्या भागातील माणसे ही कसोटी पाळत नसतील, तर दृष्टिकोन चुकला आहे असे समजून तो भाग पुन्हा तयार करावा.