३जी बंद झालं आणि ४जी फोनवरचे कॉल गेले: या चुका टाळा

नोव्हेंबर २०२४ मध्ये काका मेलबर्नला मुलीकडे गेले. पुण्यात जिओवर नीट चालणारा त्यांचा फोन तिथलं सिम घातल्यावर अडला. व्हॉट्सअ‍ॅप चालू, नकाशे चालू, पण नंबर लावला की दोन सेकंदांत कट. काही दिवसांनी कंपनीने त्या फोनची सेवाच थांबवली. सिम बदलून झालं, फोन रीसेट करून झाला. दोष सिमचा नव्हताच.

पहिली चूक म्हणजे ‘फोन ४जी आहे, मग काळजी कसली’ असं समजणं. ४जीचं जाळं मुळात फक्त डेटासाठी बांधलेलं आहे. जुने ४जी फोन कॉल आला की गुपचूप ३जी किंवा २जीवर उतरतात आणि बोलणं संपलं की परत वर चढतात. आयफोन ५एस असाच आहे: ४जी आहे, पण ४जीवरूनच कॉल करायची सोय, म्हणजे व्होल्टी (VoLTE), नाही. ऑस्ट्रेलियात २जी आधीच गेलं होतं, आणि २८ ऑक्टोबर २०२४ पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने ३जीही बंद करायला घेतलं. उतरायला पायरीच उरली नाही. आपल्याकडे एअरटेल आणि व्हीआयचं २जी अजून असल्यामुळे ही उणीव लक्षातच येत नाही.

व्होल्टीमध्ये आवाजही डेटासारखाच ४जीवरून जातो, खाली उतरावं लागत नाही. ते चालू आहे का, हे ओळखायला वाय-फाय बंद करून कॉल लावा आणि बोलताना वरच्या पट्टीकडे बघा. 4G, LTE किंवा VoLTE टिकून राहिलं तर ठीक. तिथे 3G, H किंवा E आलं तर फोन खाली उतरतोय.

दुसरी चूक काकांची: जिओवर व्होल्टी चालतं, म्हणजे सगळीकडे चालेल. जिओकडे २जी-३जी नाहीच, तेव्हा कॉल व्होल्टीवरूनच होत होते, हे खरं. पण प्रत्येक कंपनीच्या जाळ्यासाठी वेगळी सेटिंग फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. ती नसेल तर VoLTE चं बटण दिसतच नाही, किंवा दिसलं तरी कामाचं नसतं. सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. कधीकधी सेटिंग त्यातून येते. रीसेटने मात्र येत नाही.

ऑस्ट्रेलियात आणखी एक खोच आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. काही फोन साधे कॉल व्होल्टीवरून करत, पण आपत्कालीन ०००ला मात्र ३जीच शोधत. असे फोन जाळ्यावर ठेवायला कंपन्यांना मनाई झाली, म्हणून सेवाच थांबते. खात्री करायला ००० लावू नका, ती लाइन खऱ्या संकटासाठी आहे. निघण्याआधी `*#06#` दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या आणि तिकडच्या कंपनीला विचारा: या फोनवर व्होल्टी आणि ०००, दोन्ही चालतील का?

काकांना शेवटी तिथलाच साधा फोन घ्यावा लागला. जुना आता घरच्या वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅपपुरता आहे.