थेंब टाकायच्या आधीची मांडामांड

माझं मेडिकलचं दुकान आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठवड्याभरात गल्लीतल्या एक काकू डोळ्याच्या थेंबांची बाटली दाखवत आल्या, म्हणाल्या, "अरे, ही सहा दिवसांतच संपली, कमी भरलेली होती का?" बाटली 5 मिलीची होती. 1 मिलीत साधारण 20 थेंब धरले तर बाटलीत 100 थेंब होतात. दिवसातून सहा वेळा एकेक थेंब टाकला तर सोळा दिवस आरामात जायला हवे होते. विचारल्यावर कळलं, काकू दर वेळी तीन थेंब टाकत होत्या, "नीट लागावं म्हणून". दिवसाचे अठरा झाले, म्हणजे हिशोब बरोबर होता, चूक बाटलीत नव्हतीच. डोळ्याच्या खालच्या पापणीत जेमतेम 0.03 मिली पाणी मावतं आणि एक थेंबच त्याहून मोठा असतो. दुसरा आणि तिसरा थेंब गालावरून पदराला लागतो, किंवा नाकात उतरून घशात कडू चव देतो.

तेव्हापासून कुणी ऑपरेशनची चिठ्ठी घेऊन आलं की मी पिशवी बांधता बांधता आदल्या संध्याकाळची तयारी सांगतो. आधी घरातला एक कोपरा ठरवा, जिथे उजेड आहे, मागे उशी टेकून बसता किंवा आडवं होता येतं. तिथे एक स्वच्छ छोटा डबा, टिश्यू, घड्याळ आणि डॉक्टरांनी दिलेला कागद, एवढंच ठेवा. नखांचा गोंद, बामची बाटली, कानाचे थेंब यातलं काहीही त्या डब्यात नको. चष्म्याशिवाय या सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात. कानाचे थेंब चुकून डोळ्यात गेले तर लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जायचं. ऑपरेशन ताजं असेल तर धुण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

मग बाटली उघडणं. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांचं तोंड बंदच असतं आणि टोपणाच्या आत एक काटा असतो. टोपण शेवटपर्यंत घट्ट फिरवलं की तो काटा भोक पाडतो, मग टोपण उलटं फिरवून काढायचं. लोक मात्र साडीची पिन किंवा सुई घेतात. त्या भोकातून थेंब मोठा पडतो, आणि पिनेवरचे जंतू बाटलीत जातात ते वेगळंच.

उघडली त्याच क्षणी मार्करने बाटलीवर दोन तारखा लिहायच्या: उघडली 3 जून, टाकून द्यायची 1 जुलै. सर्वसाधारण बाटलीला उघडल्यापासून 28 दिवस धरतात. बाटलीच्या खोक्यावर छापलेली तारीख असते ती बंद बाटलीची, उघडल्यानंतर ती उपयोगाची नाही. एखाद्या औषधाच्या कागदावर वेगळा काळ दिला असेल तर तो पाळायचा. प्लास्टिकच्या एकेका नळीत येणारे एकवेळचे थेंब असतात, त्यांत जंतू वाढू न देणारा घटक नसतो. अशी नळी उरली तरी टाकून द्यायची, दुपारसाठी ठेवायची नाही.

हात धुण्याबद्दल लोकांना वाटतं, हे काय सांगायचं. पण आमच्याकडे डोळ्याची आग होते म्हणून येणाऱ्यांत सकाळी मिरची कापलेलेच जास्त असतात. तिखट बोटाला चिकटून राहतं आणि नुसत्या पाण्याने जात नाही. साबणाने वीस सेकंद, नखांच्या कडेने घासून, मग धुतलेल्या कपड्याला हात पुसायचे. घरी मिरचीचं काम असेल त्या दिवशी थेंब दुसऱ्याने टाकावेत, हे माझं मत. डॉक्टर कदाचित एवढं म्हणणार नाहीत.

आता टाकणं. बाटलीतलं औषध दुधासारखं पांढुरकं असेल तर बाटली आधी नीट हलवायची, नाहीतर औषध तळाशी राहतं आणि थेंबात नुसतं पाणी येतं. मान मागे टेकवून वर बघायचं. एका बोटाने गालाच्या हाडावर त्वचा खाली ओढून खालच्या पापणीची पन्हाळ करायची. वरच्या पापणीवर किंवा ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर दाब द्यायचा नाही. बाटली धरलेला हात कपाळावर टेकवला की थरथर थांबते. टोक पापणीला लागू द्यायचं नाही, थोडं वर धरून एकच थेंब सोडायचा. मग डोळा अलगद मिटायचा, गच्च नाही, मिचकवायचाही नाही. नाकाकडच्या कोपऱ्यातल्या हाडावर बोट हलकेच दाबून एक-दोन मिनिटं ठेवलं की औषध नाकात कमी उतरतं. काचबिंदूच्या टिमोलॉलसारख्या थेंबांत हे फार महत्त्वाचं, कारण ते रक्तात गेलं तर नाडी मंदावू शकते आणि दम्याच्या माणसाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. हात कापणाऱ्यांसाठी एक सोपा मार्ग: आडवं होऊन, डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडायचा.

काकूंच्या कागदावर सकाळी दोन औषधं होती. अँटिबायोटिक आणि पांढुरकं स्टिरॉइड एकामागोमाग टाकलं की दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. म्हणून 8 ला पहिलं, 8:05 ला दुसरं. रात्री मलम असेल तर ते सगळ्यांत शेवटी, थेंबांनंतर दहा मिनिटांनी, नाहीतर तेलकट थरावरून थेंब घसरून जातो. घड्याळ त्या डब्याजवळ असण्याचं हेच कारण. स्टिरॉइडचे थेंब दर आठवड्याला कमी करायला सांगतात, आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आणि उरलेली बाटली पावसाळ्यात डोळे आलेल्या नातवाला तर मुळीच नाही. स्टिरॉइडने काही संसर्ग वाढतात, डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

कानाची रीत वेगळी. थंड थेंब कानात पडला की गरगरतं, म्हणून बाटली मुठीत तीन-चार मिनिटं धरून अंगाइतकी कोमट करायची. गॅसवरच्या पाण्यात ठेवायची नाही. कुशीवर झोपून मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा, तीन वर्षांच्या आतल्या मुलांचा खाली आणि मागे, म्हणजे वळणदार वाट सरळ होते. सांगितलेले थेंब टाकून कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा दोन-तीन वेळा दाबायचा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. नंतर बाहेरचं पुसा, आत कापसाची काडी घालू नका. कानातून पू किंवा रक्त येत असेल, पडद्याला भोक असल्याचं कधी सांगितलं असेल, तर डॉक्टरांनी कान पाहिल्याशिवाय थेंब नाहीत. लसणीचं गरम तेल तर नकोच.

ऑपरेशननंतर डोळा जास्त दुखू लागला, लाली वाढली, नजर अंधुक होऊ लागली तर थेंबांची वेळ बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काकूंना मी दुसरी बाटली दिली, दोन तारखा लिहून. मार्करही त्यांच्याच डब्यात ठेवला.