एकट्याने पार्टीला जाताना: पहिल्या दहा मिनिटांची तयारी

तयारी आदल्या दिवशी सुरू करा. बोलावणाऱ्याला छोटा मेसेज करून विचारा, साधारण किती जण येणार आहेत आणि तिथे कोणाशी माझी ओळख करून द्याल का? पहिल्या प्रश्नाने नेमकं कशात पाऊल टाकायचं आहे ते कळतं. दुसरा जास्त कामाचा आहे. ऐन पार्टीत यजमानाला कोणाची आठवण करायलाही फुरसत नसते, पण आदल्या दिवशी विचारलंत तर त्याच्या डोक्यात एखादं नाव येतं आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्या तोंडी येतं.

मग वेळ. एकट्याने जाणारे मुद्दाम उशिरा जातात, म्हणजे गर्दीत मिसळून जाता येईल. माझ्या मते हे उलट आहे. सांगितलेल्या वेळेनंतर दहा-पंधरा मिनिटांत पोहोचा. तेव्हा आठ-दहा माणसं आलेली असतात, घोळके जमलेले नसतात, आणि नंतर येणारा प्रत्येक जण आधी आलेल्यांकडेच बघतो. तासाभराने गेलात तर सगळे आपापल्या गप्पांत रंगलेले असतात. पानं मांडून जेवायला बसवणार असतील, तर मात्र अगदी वेळेवर जा.

एक वाक्य घरूनच तयार करून न्या, कारण “तुम्ही यांना कसे ओळखता?” हा प्रश्न येणारच. “आम्ही एका ऑफिसात आहोत” एवढंच उत्तर दिलंत, तर समोरच्याला पुढे विचारायला काही उरत नाही. “आम्ही एका ऑफिसात आहोत, पण खरी ओळख लिफ्ट बंद पडली त्या दिवशी झाली” म्हणालात, तर पुढचा प्रश्न तोच विचारतो. गोष्ट खरी हवी आणि एका वाक्यात मावणारी हवी.

दारापाशी फोन सायलेंट करून बॅगेत टाका. नुसता खिशात ठेवलात तर हात आपोआप तिकडे जातो, आणि फोनमध्ये बघत उभ्या असलेल्या माणसाला कोणी बोलवत नाही. त्याला एकटं राहायचं आहे असंच सगळ्यांना वाटतं. आत गेल्यावर दारातच थबकू नका, दोन पावलं बाजूला व्हा. यजमानाला भेटा, पण मिनिटभरच. त्याला धरून राहिलात तर त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही अर्धवट भेटता आणि पूर्ण कोणालाच नाही. त्यानंतर पेय घ्यायला जा. ग्लास डाव्या हातात धरा, उजवा हात मोकळा आणि कोरडा राहू द्या.

इथून खरं काम सुरू होतं, आणि ते बोलण्याचं नाही, बघण्याचं आहे. पेयांच्या टेबलापासून चार-पाच पावलांवर उभं राहा. कोपरा नको, कारण कोपऱ्याकडे कोणाची वाट जात नाही. टेबलाकडून भरलेला ग्लास घेऊन वळणारा माणूस त्या क्षणी कोणाच्याच गप्पांत नसतो, आणि तुम्ही त्याच्या वाटेवर असता. या दोन-तीन मिनिटांत सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटेल. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. लाज वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच तो लक्षात आला होता.

आता पायांकडे बघा. माणसं गप्पा मारताना कशी उभी राहतात याचा अ‍ॅडम केंडन या अभ्यासकाने बारकाईने अभ्यास केला. गप्पांत असलेली माणसं आपल्यामध्ये एक मोकळी जागा धरून ठेवतात, आणि तिथे नवा माणूस मावेल का हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळतं. दोघं अगदी समोरासमोर, पाय एकमेकांकडे, आवाज खाली, तर ती जागा बंद आहे. तिथे जाऊ नका. दोघं काटकोनात उभी असतील, एकेक पाय खोलीकडे वळलेला असेल, मध्येच दोघंही इकडेतिकडे बघत असतील, तर तिथे तिसऱ्याला जागा आहे. तिघं-चौघं नालाच्या आकारात असतील तर उघड्या बाजूने जाता येतं. मोठ्याने हसणारा घोळका बाहेरून फार प्रेमळ दिसतो, पण बहुतेकदा ती जुनी मित्रमंडळी असतात आणि त्यांचे विनोद तुम्हाला कळत नाहीत. एकटी व्यक्ती दिसली, तर ती मान वर करून खोली न्याहाळते आहे का ते बघा. तसं असेल तर तिच्याइतकं तुमची वाट बघणारं तिथे दुसरं कोणी नाही.

एक उदाहरण घेऊ. आठची पार्टी, तुम्ही सव्वाआठला पोहोचलात, अकरा जण आले आहेत. सोफ्यावर दोघी एकमेकींकडे झुकून काहीतरी गंभीर बोलताहेत. मधोमध चौघांचा गोल, खांद्याला खांदा लागलेला. दोघं आत-बाहेर करत सगळ्यांची सरबराई करताहेत. एक जण फोनवर बोलतोय. उरले खिडकीपाशी दोघं, काटकोनात, एका हातात ग्लास, गप्पांत बराच खंड. तिकडेच जा. सरळ समोरून नको, थोडं बाजूने जा आणि दोन हातांवर थांबा. त्यांतल्या एकाची नजर मिळू द्या, हसा, मग म्हणा, “नमस्कार, इथे मी कोणालाच ओळखत नाही. तुमच्याबरोबर थांबू का?” हे इतकं उघड विचारायला संकोच वाटतो, पण चतुर वाक्यापेक्षा हे चांगलं चालतं, कारण समोरच्याला काय करायचं ते लगेच कळतं.

उत्तर शब्दांत शोधू नका. “हो, या ना” सगळेच म्हणतात. कोणी पाय किंचित मागे घेऊन जागा केली, शरीर तुमच्याकडे वळवलं, तर आत या आणि हातभर अंतर ठेवून उभं राहा. नुसती मान वळली आणि पाय होते तिथेच राहिले, तर त्यांचं बोलणं अर्धवट आहे. “तुमचं चालू द्या, मी नंतर येते” म्हणून हसत पुढे जा. हा नकार तुम्हाला नसतो, त्या वेळेला असतो. अर्ध्या तासाने तीच माणसं तुम्हाला स्वतः हाक मारू शकतात.

जागा मिळाली की लगेच स्वतःबद्दल सांगू नका. त्यांचं काय चाललं होतं ते विचारा आणि मिनिटभर ऐका. गोंगाटात नाव नीट ऐकू आलं नाही तर तेव्हाच पुन्हा विचारा, वीस मिनिटांनी ते फार अवघड होतं.

शेवटची तयारी तिथून निघण्याची. मोकळेपणाने बोलणारं माणूस भेटलं की रात्रभर त्याला सोडवत नाही, आणि मग त्याला सुटायची वाट शोधावी लागते. पंधरा-वीस मिनिटांनी, गप्पा चांगल्या चालल्या असतानाच, “मी पाणी आणायला जाते, तुम्हाला आणू का?” असं विचारा. “नको” म्हणाले तर मोकळेपणाने जा. “मीही येतो” म्हणाले तर टेबलाजवळ जो पुढचा माणूस ग्लास भरून वळेल, त्याला तुम्ही आता दोघं मिळून भेटाल.