आकृतीच नाही, मग सार्थ अंक किती? या चुका टाळा

नंदनवनमध्ये माझ्याकडे अकरावीची मुलं भौतिकशास्त्राच्या शिकवणीला येतात. परवा एक जण सराव प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आला. प्रश्न होता: '३३.८६ ग्रॅम वस्तुमानाचा दगड मोजपात्रातल्या पाण्यात पूर्ण बुडवला. आकृतीतील वाचनांवरून दगडाची घनता योग्य सार्थ अंकांत काढा.' पर्याय चार: २.७, २.७१, २.७०९ आणि २.७०८८ ग्रॅम प्रति घन सेंमी. आकृतीच्या जागी मात्र नुसता काळा पट्टा उमटला होता.

त्यानं २.७०९ वर खूण केली होती. "सर, ३३.८६ मध्ये चार अंक आहेत, म्हणून उत्तरातही चारच येणार ना?"

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. जो आकडा छापलेला दिसतो, त्याचेच अंक मोजले जातात. भागाकारात मात्र ज्या राशीत सार्थ अंक सर्वांत कमी, तीच उत्तराचे अंक ठरवते. इथे तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचतो. साध्या मोजपात्राला एवढी बारीक नजर नसते, म्हणून अंक कमी करणारी राशी बहुधा आकारमानच असते, आणि नेमकी तीच गायब झालेल्या आकृतीत होती.

दुसऱ्या मुलीनं उलटं गणित केलं. ३३.८६ ला २.७०८८ नं भागलं, बरोबर १२.५ आले. "म्हणजे आकारमान १२.५ मिली, तीन अंक, उत्तर २.७१." डोकं छान चालवलं, पण यातून फक्त किंमत कळते, अंक कळत नाहीत. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर १२.५ आणि १२.५० सारखेच दिसतात. आकृतीत ०.१ मिलीच्या खुणांची नळी असती, तर वाचन दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत घेता आलं असतं. मग आकारमान १२.५० आणि उत्तर २.७०९. म्हणजे पहिल्या मुलाचं उत्तर बरोबर, कारण मात्र चुकीचं.

पात्रावर १ मिलीच्या खुणा असतील, तर दोन खुणांमधला दहावा भाग नजरेनं अंदाजानं घेतात. पाण्याची पातळी ४०.० आणि दगड सोडल्यावर ५२.५, असं वाचन येईल. इथं मुलं आणखी एक घोटाळा करतात. पहिलं वाचन नुसतं '४०' लिहितात. वजाबाकीत दशांश स्थळं पाहायची असतात, सार्थ अंक नाही. ४० लिहिलं की ते एककापर्यंतच खात्रीचं ठरतं, मग १२.५ मधला ५ टिकवता येत नाही आणि घनता दोनच अंकांत उरते.

म्हणून मी मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: उपकरण दशांश स्थळं ठरवतं, अंकांची संख्या नाही. त्याच पात्रात लहान खडा टाकला आणि पातळी ४०.० वरून ४४.५ वर गेली, तर आकारमान ४.५, म्हणजे दोनच सार्थ अंक. पात्र तेच, बारकावा तोच, पण उत्तर एका अंकानं आखूड. 'मोजपात्र म्हणजे तीन अंक' असं पाठ करून चालत नाही.

एक अडचण संकेताची आहे. काही शिक्षक अंदाजाचा अंक घेऊ देत नाहीत, लघुतम मापापर्यंतच वाचायला सांगतात. १ मिलीच्या पात्रावर तसं केलं, तर आकारमान १२ किंवा १३ येईल आणि घनता २.८ किंवा २.६. हे पर्यायांत नाहीतच. तेव्हा प्रश्न काढणाऱ्यानं किमान दशांशाच्या एका स्थळापर्यंत वाचन धरलं आहे, एवढं पर्यायांवरून नक्की म्हणता येतं. त्यापुढचं आकृतीशिवाय नाही.

पूर्णांकन एकदाच, अगदी शेवटी करा. २.७३४९ तीन अंकांत हवं असेल, तर आधी २.७३५ आणि मग २.७४ असं टप्प्याटप्प्यानं केलं की चुकलंच, सरळ २.७३ येतं. शेवटी नेमका ५ च उरला, पुढे काहीच नसलं, तरच सम अंकाचा नियम लावायचा: १२.२५ चं १२.२, १२.३५ चं १२.४. ५ नंतर शून्याशिवाय एखादा जरी अंक असला, तर आधीचा अंक एकानं वाढवायचा.

वर्णनात्मक उत्तर असेल, तर पहिल्याच ओळीत गृहीतक लिहा: 'मोजपात्राचा एक भाग १ मिली, वाचन ०.१ मिलीपर्यंत धरले.' तपासणाऱ्याला तुमचे तीन अंक कुठून आले ते दिसतं. बहुपर्यायी प्रश्न असेल, तर मूळ प्रत मागा. त्या मुलानं संध्याकाळी मित्राकडची मूळ प्रत आणली. पात्रावर १ मिलीच्या खुणा होत्या, पाण्याचा खालचा वक्र ४०.० वर आणि दगडासकट ५२.५ वर. त्यानं २.७०९ खोडून २.७१ लिहिलं आणि बाजूला वजाबाकी मांडली, या वेळी ४०.० मधल्या शून्यासकट.