मेल गेला आणि त्यात आकडा चुकलाय? दुरुस्तीचा मेल असा लिहा

समजा तुम्ही कस्टमरला 40 स्टीलच्या खुर्च्यांचं कोटेशन पाठवलं, रेट 2,450 रुपये, म्हणजे 98,000 व्हायला हवे होते पण टाईप झालं 89,000, आणि त्यावरच 18 टक्के जीएसटी धरून टोटल गेली 1,05,020. बरोबर टोटल आहे 1,15,640.

जीमेलमधलं अनडू जास्तीत जास्त 30 सेकंद चालतं, आउटलुकचं रिकॉल बाहेरच्या कंपनीच्या मेलवर चालत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

आधी पाच मिनिटं थांबून तो चुकीचा आकडा अजून कुठे कुठे गेलाय ते बघा, कारण इथे फक्त 89,000 नाही तर टॅक्सही चुकलाय आणि टोटलही, शिवाय मेलमध्ये एक आणि पीडीएफमध्ये एक असं दोन्हीकडे असतं. हे सगळं एकदाच सापडलं पाहिजे, कारण दुरुस्तीची परत दुरुस्ती पाठवली की समोरचा तुमचा प्रत्येक आकडा स्वतः तपासायला लागतो.

मग त्याच मेलला रिप्लाय ऑल करा. सब्जेक्ट बदलू नका, जीमेलमध्ये बदलला की वेगळी थ्रेड होते आणि जुना मेल तिकडे तसाच राहतो. बीसीसीत कोणी असेल तर त्याला रिप्लाय ऑल जाईलच असं नाही, त्याला वेगळा पाठवा. पीडीएफ पण नवीन जोडा, रिप्लायमध्ये जुनी अटॅचमेंट आपोआप येत नाही, आणि फाईलच्या नावात "सुधारित" लिहा.

मजकूर एवढाच पुरे:

"नमस्कार सर, आजच्या कोटेशनमध्ये खुर्च्यांची रक्कम 89,000 अशी चुकून गेली आहे, ती 98,000 धरावी (40 × 2,450). त्यामुळे जीएसटी 16,020 ऐवजी 17,640 आणि एकूण 1,05,020 ऐवजी 1,15,640 रुपये. रेट, नग आणि डिलिव्हरीची तारीख तीच आहे. सुधारित कोटेशन जोडलं आहे, आधीचं रद्द समजावं. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

यात चुकीचा आणि बरोबर आकडा शेजारी शेजारी आहेत हे महत्त्वाचं, नुसतं "सुधारित कोटेशन जोडले आहे" लिहिलं तर काय बदललं ते समोरच्याला शोधत बसावं लागतं. आणि काय बदललेलं नाही ते पण सांगायचं, नाहीतर रेट वाढवला की काय अशी शंका येतेच. माफी एका ओळीत, कामाची गडबड होती, नवीन मुलाने टाईप केलं वगैरे काही नको.

इथे रक्कम 10,620 ने वाढतेय, म्हणून मेल पाठवायच्या आधी फोन करा, कदाचित त्यांनी जुन्या आकड्यावर मंजुरी घेतली असेल. पीओ आली असेल तर सुधारित पीओ मागा, ते नाही म्हणाले तर जुन्या रकमेत माल द्यायचा का हे ठरवावं लागेल. आणि टॅक्स इनव्हॉइसच कमी रकमेचं गेलं असेल तर नुसता मेल चालत नाही, डेबिट नोट काढावी लागते, ते अकाउंटंटला लगेच सांगा.