रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको
भुसावळच्या उन्हात पाणी गोठायचा प्रश्नच नाही, मग कूलंट कशाला, असं मी पण म्हणायचो भाऊ, अन् दोन वर्षं बोरचं पाणी ओतत राहिलो. मग एकदा गाडी थंड असताना झाकण उघडलं तर आत चहासारखं गंजाचं पाणी, कडेला पांढरा क्षार! कूलंट म्हणजे मुख्यतः ग्लायकॉल; ते पाण्यात निम्मं टाकलं की मिश्रण 100 ऐवजी साधारण 107 डिग्रीला उकळतं, झाकणाच्या दाबामुळे अजून वर, आणि कूलंटमधली गंजरोधक केमिकल्स आतला धातू सांभाळतात. पण नुसतं ग्लायकॉलही नको, उष्णता वाहून न्यायला पाणीच भारी, म्हणून 5 लिटरच्या सिस्टिमला अडीच लिटर कूलंट कॉन्सन्ट्रेट अन् अडीच डिस्टिल्ड वॉटर. डब्यावर रेडी टू यूज लिहिलं असेल तर वरून पाणी घालायचंच नाही.